‘एकक भार’ म्हणजे नेमका किती भार?

प्रश्न: «ट्रसच्या सांध्याचं डिफ्लेक्शन काढताना ‘युनिट लोड’ला मराठीत काय म्हणावं, ‘एकक भार’ की ‘एकांक भार’? एकक म्हणजे न्यूटन, मीटर असं माप ना? मग हा भार १ न्यूटन धरायचा की १ किलोन्यूटन?»

‘एकक भार’च म्हणावं. ‘एकांक’ ऐकलं की माझ्या मनात आधी एकांकिका येते, आणि इथे अंकाचा काही संबंध नाही. तुमचा खरा गोंधळ ‘एकक’ या शब्दाला दोन अर्थ असल्यामुळे झालाय. ‘बलाचं एकक न्यूटन’ असं म्हणतो तेव्हा एकक म्हणजे माप. ‘एकक, दशक, शतक’ म्हणतो तेव्हा एकक म्हणजे नुसता एक. एकक भारातला एकक हा दुसरा आहे.

उदाहरणावरून बघू. भिंतीला दोन पिना आहेत, खाली B आणि तिच्या बरोबर ३ मीटर वर A. B पासून आडवा ४ मीटर लांबीचा दांडा BC, आणि A पासून तिरका ५ मीटरचा AC. C या सांध्यावर ६० किलोन्यूटन भार टांगलाय. दोन्ही दांडे पोलादी, E = २०० गिगापास्कल. AC चा छेद १००० चौरस मिमी, BC चा १६००.

सांध्याचा समतोल मांडला की AC मध्ये १०० किलोन्यूटन ताण आणि BC मध्ये ८० किलोन्यूटन दाब येतो. PL/AE काढलं तर AC २.५ मिमी लांबतो आणि BC १ मिमी आखडतो. C किती खाली उतरेल, हे यातून थेट दिसत नाही.

आता खरा भार बाजूला ठेवा आणि C वर सरळ खाली १ एवढा कल्पित भार द्या. AC मध्ये ५/३ ताण, BC मध्ये ४/३ दाब. ही संख्या म्हणजे k, आणि तिला कुठलंही माप चिकटलेलं नाही. १ न्यूटन दिलात तर AC मध्ये ५/३ न्यूटन, १ किलोन्यूटन दिलात तर ५/३ किलोन्यूटन; गुणोत्तर तेच. शेतकरी ‘एकरी पंधरा क्विंटल’ म्हणतो, तसं k म्हणजे ‘भारामागे इतकं बल’. मला विचाराल तर हा ‘मागे’ शब्दच या पद्धतीचा गाभा नीट सांगतो.

कल्पित भार आधीच सांध्यावर आहे असं समजा, आणि मग खऱ्या भाराने दांडे लांबू-आखडू द्या. सांधा δ ने उतरला की बाहेर १ × δ एवढं कार्य होतं, आत प्रत्येक दांड्यात k गुणिले त्याची लांबीतली वाढ एवढं. कल्पित बल पहिल्यापासून पूर्ण असतं, शून्यापासून वाढत जात नाही, म्हणून इथे ½ येत नाही. विद्यार्थी तो हमखास घालतात.

δ = Σ kPL/AE
δ = (५/३)(२.५) + (−४/३)(−१) = ४.१७ + १.३३ = ५.५ मिमी

ताण धन, दाब ऋण. BC साठी दोन्ही ऋण असल्यामुळे गुणाकार धन आला. एकाच ठिकाणचं चिन्ह विसरलात तर उत्तर २.८३ मिमी येतं, आणि ते दिसायला इतकं साधं असतं की शंकाही येत नाही. म्हणून भूमितीने ताळा घ्या: C डावीकडे १ मिमी सरकला आणि d ने उतरला, तर AC ची वाढ (३d − ४)/५. ती २.५ धरली की d = ५.५ मिमी.

एककाचा अर्थ चुकला की काय होतं तेही यात दिसतं. १ किलोन्यूटन भार म्हणजे १००० न्यूटन असं लिहून k = १६६७ घेतला आणि डावीकडे मात्र १ च ठेवला, तर सांधा साडेपाच मीटर खाली येतो.

‘व्हर्च्युअल’साठी ‘आभासी’ रूढ आहे, पण मी ‘कल्पित’ म्हणतो. आरशातली आभासी प्रतिमा निदान दिसते. हा भार तर कुठेच नसतो. आणि नसतो म्हणूनच तो लांबी का बदलली हे विचारत नाही. सगळा भार काढून घ्या आणि एकटा AC उन्हात २० अंशांनी तापू द्या. पोलादाचा प्रसरणांक १२ × १०⁻⁶ धरला तर तो १.२ मिमी लांबेल. k तोच, ५/३. सांधा २ मिमी उतरेल.