आधी पुरावा, मग ब्लॉक

त्रास देणाऱ्याला ब्लॉक करायची घाई समजते, पण आधी अर्धा तास पुरावा जपायला द्या. चॅट डिलीट तर अजिबात करू नका.

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे फक्त धमकीच्या मेसेजपुरता स्क्रीनशॉट कापून ठेवणे. व्हॉट्सॲपमध्ये मेसेजखाली फक्त वेळ असते. तारीख वरच्या पट्टीवर असते आणि तिथेही ताज्या मेसेजवर ‘आज’ किंवा ‘काल’ एवढंच दिसतं. महिन्याभराने तो ‘काल’ कुठला, हे कोण सांगणार? म्हणून असं करा:

- वर सरकवून तारखेची पट्टी स्क्रीनशॉटमध्ये घ्या. पुढचा स्क्रीनशॉट आधीच्या शेवटच्या मेसेजपासून सुरू करा, म्हणजे मधलं काही गाळलं असं वाटणार नाही.
- नंबर सेव्ह असेल तर चॅटवर नुसतं नाव दिसतं, आणि नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. नावावर टॅप करून पूर्ण नंबर दिसणाऱ्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या.
- मग ‘एक्स्पोर्ट चॅट’ करा. त्या फाइलमध्ये प्रत्येक मेसेजपुढे तारीख-वेळ येते.

स्क्रीनशॉटवर गोल, बाण, काहीही काढू नका. खूण करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा.

ईमेल फॉरवर्ड केला की मूळ हेडर, म्हणजे तो कुठल्या सर्व्हरमधून आला ती नोंद, सोबत जात नाही. जीमेलमध्ये संगणकावर ‘Show original’ उघडून ‘Download Original’ करा आणि मूळ ईमेल इनबॉक्समध्येच राहू द्या.

फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा हॅश वगैरे नंतर बघू. आज एवढं करून त्याची एक प्रत फोनबाहेर ठेवा.