चाळीस मॅच, पण संवाद एकाशीही नाही

“ताई, डेटिंग ॲपवर सध्या माझे चाळीस मॅच आहेत. रोज रात्री तासभर सगळ्यांना उत्तरे देतो, पण सगळीकडे ‘कसा गेला दिवस?’ याच्या पुढे गाडी जात नाही. काल एकीला तिच्या भावाच्या लग्नाबद्दल विचारले, तर तिला भाऊच नव्हता! यांतून निवड कशी करू?”

साधा हिशेब करा. तासाभरात चाळीस जणींना उत्तर द्यायचे, तर एकीच्या वाट्याला दीड मिनिट येते आणि तेवढ्यात तिने आधी काय लिहिले होते, हे वाचूनही होत नाही. शिवाय गर्दीत नजर चटकन दिसणाऱ्या गोष्टींवरच ठरते. स्पीड डेटिंगच्या कार्यक्रमांवरील २०१० च्या एका अभ्यासात, माणसे जास्त असली की लोक शिक्षण आणि व्यवसायापेक्षा उंची-वजनाकडे अधिक पाहतात, असे आढळले होते. म्हणून चाळीस जणींना गुण देऊन क्रमवारी लावू नका. त्यात छायाचित्रेच जिंकतील.

त्याऐवजी आधी नवे प्रोफाइल पाहणे थांबवा आणि प्रत्येक संभाषणातील शेवटचे दहा संदेश वाचून दोनच गोष्टी तपासा: समोरच्या व्यक्तीने स्वतःहून काही विचारले आहे का, आणि तिच्या उत्तराला धरून तुम्हाला पुढे काही विचारावेसे वाटते का. समजा, पहिल्या कसोटीवर अकरा जणी उरल्या आणि दुसरीवर पाच. तर त्यांतील चौघींशीच बोलणे चालू ठेवा. पाचवी मनात घोळत राहील, पण राखीव यादी ठेवू नका. २०१७ च्या एका प्रयोगात सहा किंवा चोवीस प्रोफाइलमधून एकाची निवड करायला सांगितले होते. आठवड्यानंतर सर्वांत कमी समाधानी ठरले ते चोवीसांतून निवडणारे आणि शिवाय ती निवड बदलण्याचीही मुभा असलेले लोक. ज्यांच्याशी थोडेफार बोलणे झाले आहे त्यांना “आपले बोलणे पुढे जाईल असे मला वाटत नाही, शुभेच्छा” एवढे कळवून अनमॅच करा. जिथे केवळ नमस्काराची देवाणघेवाण झाली आहे, तिथे तेवढ्याचीही गरज नाही.

उरलेल्या चौघींशी आठवडाभरात फोनवर वीसेक मिनिटे बोला, कारण लिखित गप्पा कितीही लांबल्या तरी बोलण्याची लय त्यांतून कळत नाही. फोननंतर “हिच्याहून चांगली कोणी असेल का?” असे न विचारता “हिला प्रत्यक्ष भेटावेसे वाटते का?” एवढेच स्वतःला विचारा. नवी व्यक्ती घ्यायची, ती चौघींपैकी एकीशी बोलणे संपल्यावरच. मागचे संदेश न चाळता प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी आठवत असतील, तर संख्या योग्य आहे. आठवत नसतील, तर तीनवर या. मात्र सलग दोन-तीन फेऱ्यांत एकीलाही भेटावेसे वाटले नाही, तर संख्या आणखी घटवून उपयोग नाही. मग उजवीकडे स्वाइप करताना तुम्ही काय पाहता, ते तपासावे लागेल.