अप्रेझलचा फॉर्म उघडला की वर्ष आठवत नाही

‘सर, वर्षभर मरमर काम करते. पण मार्च संपता संपता सेल्फ अप्रेझलचा फॉर्म येतो आणि “या वर्षीची कामगिरी” या रकान्यात काय लिहावं तेच सुचत नाही. शेवटच्या महिना-दोन महिन्यांतलं आठवतं, बाकी सगळं रोजचंच वाटतं. रेझ्युमेसुद्धा चार वर्षं जुना आहे. माझ्या कामात सांगण्यासारखं खरंच काही नाही का?’

हे विचारणाऱ्या ताई अंधेरीतल्या एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे इतरांच्या मालाची ने-आण जुळवून देणाऱ्या, कंपनीत आयातीची कागदपत्रं बघतात. रोज डोंबिवलीहून ये-जा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी त्यांना आठवायला सांगितलंच नाही. आठवणीत ताजं तेवढंच वर राहतं आणि सुरळीत झालेलं काम तर राहतच नाही. ज्या दिवशी आरडाओरडा झाला, तोच दिवस लक्षात राहतो. म्हणून त्यांना एक काम दिलं. ऑफिसात बसून, आपल्याच मेलमधले सेंट आयटम्स एकेक महिना करून चाळायचे आणि नेहमीपेक्षा वेगळं काही केलेलं दिसलं की एका ओळीत टिपायचं. एकही मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर फॉरवर्ड करायचा नाही, हेही बजावलं. बऱ्याच कंपन्यांत तो नियमभंग धरतात.

पुढच्या भेटीत त्या एक हाताने लिहिलेला कागद घेऊन आल्या. त्यातली एक ओळ होती, ‘जुलैपासून जहाज लागायच्या आधीच पार्टीला लागणाऱ्या कागदांची यादी पाठवते.’ मी तिथे थांबलो, तर म्हणाल्या, ‘ते तर माझं कामच आहे ना!’

‘तुमच्या आधी या टेबलावर जे होते, ते पाठवायचे?’

‘नाही. जहाज लागलं की मग फोनाफोनी सुरू व्हायची.’

मी हीच कसोटी लावतो. तुमच्या जागी आधी बसणाऱ्याने जी ओळ जशीच्या तशी लिहिली असती, ती जबाबदारी. त्याला लिहिता आली नसती, ती कामगिरी. ‘आयात कागदपत्रं हाताळते’ ही पहिल्या प्रकारातली आणि त्यांचा चार वर्षांपूर्वीचा रेझ्युमे अशाच ओळींनी भरलेला होता.

आता त्या यादीने झालं काय, ते बघू. शिपिंग लाइन कंटेनर वापरायला ठरावीक दिवस फुकट देते. तेवढ्यात माल उतरवून रिकामा कंटेनर लाइनच्या यार्डात परत गेला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचं शुल्क, लागतं. न्हावा शेवा बंदराला जहाज लागल्यावर पार्टी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती, शोधायला लागली, की फुकटचे दिवस तिथेच खर्च व्हायचे. यादी आधी गेल्यामुळे कागद आधी जमायला लागले.

परिणाम दाखवायला ताईंनी लिहिलं होतं, ‘जुलैत 9 कंटेनर डिटेन्शनमध्ये गेले, सप्टेंबरमध्ये 3.’ आकडा खरा होता, पण साहेबांनी एक प्रश्न विचारला असता तर कोसळला असता. जुलैत मुंबईचा पाऊस भरात असतो, ट्रेलर अडकतात; सप्टेंबरात तो ओसरू लागतो. मग श्रेय यादीचं की पावसाचं? म्हणून मी गेल्या वर्षीची तीच तिमाही काढायला सांगितली. बिलांच्या फाइलीत ती मिळाली. तेव्हा जुलै ते सप्टेंबरमध्ये 112 पैकी 31 कंटेनरना डिटेन्शन लागलं होतं. यंदा 118 पैकी 17 कंटेनरना. शेकड्याला 28 वरून 14. पाऊस दोन्ही वर्षी होता, त्यामुळे ही तुलना टिकते.

तरी संपूर्ण श्रेय त्यांचं नव्हतं. त्याच काळात एका सहकाऱ्याने ट्रान्सपोर्टवाल्यांशी गाड्यांचं नवं वेळापत्रक ठरवलं होतं. ते लिहायला ताई कचरत होत्या, आपलं काम लहान दिसेल म्हणून. माझा अनुभव उलट आहे. मुलाखतीत ‘यात तुम्ही नेमकं काय केलंत?’ हा प्रश्न येतोच आणि आपला वाटा वेगळा काढून ठेवलेला माणूस तिथे अडखळत नाही. शेवटी नोंद अशी झाली:

‘जुलै-सप्टेंबर. आधी: कागद जहाज लागल्यावर मागवले जायचे. मी: जहाज लागायच्या पाच दिवस आधी पार्टीला यादी पाठवणं सुरू केलं. बदल: डिटेन्शन लागलेल्या कंटेनरचं प्रमाण गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत निम्म्यावर, गाड्यांचं वेळापत्रक सहकाऱ्याने बदललं, त्याचाही वाटा. कुठे दिसेल: डिटेन्शनची बिलं, ऑपरेशन्सच्या साहेबांना माहीत.’

यातला ‘आधी’ सगळ्यांत लवकर हरवतो. नवी पद्धत रुळली की जुनी कशी होती, हे करणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. ताईंना जुने आकडे मिळाले, कारण त्या अजून तिथेच नोकरीला होत्या. राजीनाम्यानंतर शेवटच्या दिवशी मेल बंद होतो आणि फाइलींपर्यंत पोचता येत नाही. म्हणून नोंद वर्षाऐवजी तिमाहीला करायची. दर आठवड्याला लिहायचं ठरवणारे बहुतेकजण महिन्याभरात सोडून देतात, हेही मी पाहिलं आहे.

त्यांच्या फोनवर आम्ही चार रिमाइंडर लावले: 10 जुलै, 10 ऑक्टोबर, 10 जानेवारी आणि 10 मार्च. तिमाहीचा शेवटचा दिवस मुद्दाम टाळला, कारण तेव्हा क्लोजिंगची धावपळ असते आणि रिमाइंडर पुढे ढकलला जातो. चौथा मार्चमध्येच, कारण फॉर्म त्यानंतर येतो. मार्चचं राहिलेलं जुलैच्या नोंदीत घ्यायचं. रिमाइंडर ऑफिसच्या कॅलेंडरवर नको, स्वतःच्या फोनवर हवा. आणि त्यात ‘अचिव्हमेंट्स लिहा’ असं नको. तो शब्द दिसला की माणूस मोठं काहीतरी शोधत बसतो आणि रिकाम्या हाताने उठतो. ताईंच्या रिमाइंडरमध्ये एवढंच आहे: ‘या तीन महिन्यांत काय वेगळं केलं? आधी कसं होतं? कुठे दिसेल?’ सेंट आयटम्स चाळून दोन-तीन नोंदी करायला तासभर पुरतो.

घरच्या वहीत पार्टीचं नाव, दर, बिलाची प्रत यातलं काही येऊ द्यायचं नाही. प्रमाण आणि पद्धत एवढंच. रेझ्युमेत ती नोंद आणखी आखूड झाली: ‘आयात कागदपत्रांची आगाऊ यादी सुरू केली, सहकाऱ्याच्या वाहतूक नियोजनासह डिटेन्शन लागणाऱ्या कंटेनरचं प्रमाण 28 वरून 14 टक्क्यांवर.’

एखाद्या तिमाहीत लिहिण्यासारखं काहीच नसतं. मग तसंच लिहायचं, ओढूनताणून ओळ भरायची नाही. सलग दोन तिमाही रिकाम्या गेल्या, तर मात्र अप्रेझलची वाट न बघता साहेबांकडे जाऊन वेगळं काम मागावं, कारण हातात अजून काही महिने असतात. ताईंच्या जानेवारीच्या नोंदीत फक्त ‘काही नाही, एक सहकारी रजेवर, दोन टेबलं सांभाळली’ असं होतं. मी म्हटलं, दोन टेबलं किती आठवडे सांभाळली आणि त्यात काही अडलं का, हे लिहा. ते निघालं सात आठवडे, आणि एकही डिलिव्हरी ऑर्डर उशिरा गेली नव्हती.

त्या वर्षी त्यांचं रेटिंग वाढलं नाही. बजेट आणि रेटिंगचं वाटप बऱ्याचदा फॉर्म वाचला जायच्या आधीच ठरलेलं असतं. चांगल्या नोंदींनी ते बदलेल असं मी कुणालाही सांगत नाही. पण चर्चेत साहेबांनी त्या डिटेन्शनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि निर्यातीच्या टेबलालाही तशीच यादी बनवायला सांगितलं. ते काम आता एप्रिल-जूनच्या नोंदीत येईल. निर्यातीच्या टेबलावर यादीशिवाय काम कसं चालतं, हे त्यांनी या वेळी पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं आहे.