तीन कोटेशनची तुलना: आधी माप एक करा

प्रश्न: घराच्या नूतनीकरणासाठी तिघांकडून कोटेशन घेतली आहेत. दर, कर, वॉरंटी हे सगळं एका तक्त्यात कसं मांडू?

खालची बेरीज झाकून ठेवा आणि मग तक्ता करायला बसा. दादाने आईच्या बाथरूमच्या वेळी नेमकं उलट केलं होतं. मी तक्ता मांडून दिला होता, पण "एवढं काय चिरत बसायचं, शेवटचा आकडा बघ" म्हणून त्याने सगळ्यात कमी बेरजेचा माणूस ठरवला. तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फक्त टाइल्स बसवण्याची ओळ घेऊ. पहिल्याचा प्रति चौरस फूट दर 100 धरून आकडे मांडतो, म्हणजे प्रमाण कळेल.

| | क्षेत्रफळ (चौ. फूट) | दर | रक्कम | कर |
|---|---|---|---|---|
| पहिला | 205 | 100 | 20,500 | धरून |
| दुसरा | 222 | 92 | 20,424 | वेगळा |
| तिसरा | 244 | 88 | 21,472 | धरून |

बाथरूम एकच, मापं तीन. खोली 8 बाय 5 फूट, टाइल्स 7 फुटांपर्यंत. चार भिंती मिळून 182, जमीन 40, एकूण 222. अडीच फुटी दरवाजाचे साडेसतरा वजा केले की जेमतेम 205 उरतात. पहिल्याने ते वजा केले, दुसऱ्याने दरवाजावरही टाइल्स लावल्या आणि तिसऱ्याने वर दहा टक्के तूटफूट चढवली. तूटफूट टाइल्स विकत घेताना धरायची असते. जी टाइल भिंतीला लागलीच नाही तिची मजुरी कसली?

दादाने दुसऱ्याला काम दिलं. "कर वेगळा" हे शब्द शेवटच्या पानावर अटींमध्ये होते. कर 20 टक्के धरला तर त्याचे 24,509 होतात, म्हणजे 76 ने स्वस्त वाटणारा माणूस चार हजारांनी महाग. आता तिघांनाही 205 चं माप आणि करासह दर लावून बघा: पहिला 20,500, दुसरा 22,632, तिसरा 18,040. बेरजेत सगळ्यात महाग दिसणारा तिसराच स्वस्त निघतो. माप कमी केल्यावर तो दर वाढवून मागेल, मागू दे. निदान मग घासाघीस खऱ्या आकड्यावर होते.

कर बाजूला काढून तुलना करायची असेल तर 1.20 ने भागा. करासह रकमेतून सरळ 20 टक्के वजा केले तर 120 चे 96 होतात, 100 नाही. भल्याभल्यांची इथे गल्लत होते.

आता वॉरंटी, जिच्यावर दादा भुलला. दुसऱ्याने वॉटरप्रूफिंगला 10 वर्षं लिहिली होती, पहिल्याने 5. तिसऱ्या वर्षी खालच्या खोलीच्या छताला ओल धरली, नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली. माणूस आला, म्हणाला, "केमिकल फुकट मारून देतो, फोडकाम आणि टाइल्स तुमच्या." केमिकलचा खर्च त्यात किरकोळ असतो; फोडणं, राडारोडा उचलणं, तशाच टाइल्स शोधून पुन्हा बसवणं, पैसा तिथे जातो. पहिल्याच्या 5 वर्षांत हे सगळं लिहून धरलेलं होतं. त्यात दादाने कर वाचवायला बिलच घेतलं नव्हतं, त्यामुळे दाखवायला कागदही नव्हता. बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे तोंडी बोलणं, दादाला हे आजही पटत नाही.

म्हणून वॉरंटीच्या रकान्यात नुसती वर्षं लिहू नका. ती माल बनवणाऱ्याची की काम करणाऱ्याची, फोडकाम आणि पुन्हा टाइल्स त्यात येतात का, आणि नंतर दुसऱ्या प्लंबरने भोक पाडलं तर ती रद्द होते का, हे तिघांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा. टाइल्स लावण्याआधी ट्रॅप बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून छत बघायचं, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या. जो नाही म्हणेल त्याची वर्षं मोजूच नका.

बाकी सुतारकाम, वायरिंग, रंग यांचे रकाने याच पद्धतीने भरा, फक्त लाकूडकामात एकजण रनिंग फूट आणि दुसरा चौरस फूट लावतो तिकडे लक्ष ठेवा. आणि हो, एखाद्या खोलीला नुसता रंग द्यायचा असेल तर एवढा खटाटोप नको, तिथे दादाचं म्हणणं चालेल. पण जिथे पाणी आहे तिथे नाही.