कॅन्सर विभागाचं नाव आणि दारावरचं 'कै.'

प्रश्न : आमच्या धर्मादाय रुग्णालयात कॅन्सरचा नवा विभाग सुरू होतोय. बोर्डावर 'कॅन्सर' वाचलं की माणूस तिथंच खचतो. तो शब्द काढून नुसतं आशादायक नाव द्यावं का? – एक विश्वस्त, कोल्हापूर

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातच अशाच एका रुग्णालयात मी समुपदेशक होते. तिथल्या विश्वस्तांनी चार नावं काढली होती : संजीवनी, आशाकिरण, उमेद आणि विसावा. कागदावर चारही छान दिसत होती. मी एवढंच म्हटलं, की ज्यांच्या तोंडी ती रोज येणार आहेत त्यांना आधी विचारू या.

किमोची सलाईन लावून तासन्‌तास बसलेल्या पेशंटकडं आणि त्यांच्या माणसांकडं बोलायला वेळ असतो. "नाव आवडलं का?" असं मी विचारलं नाही, तसं विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. मी म्हणायचे, "घरून फोन आला, कुठं आहेस म्हणून, तर हे नाव घालून सांगा बघू."

गडहिंग्लजकडच्या एक मावशी "मी विसाव्याला..." एवढं म्हणून थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तिथं तिरडी टेकवत्यात न्हवं?" स्मशानाच्या वाटेवर खांदेकरी तिरडी क्षणभर खाली ठेवतात, ती जागा विसावा. विश्वस्तांच्या मनात निवांतपणा होता, मावशींच्या डोळ्यांसमोर ती वाट आली.

'आशाकिरण' सुचवणाऱ्यांना अंबाबाईचा किरणोत्सव आठवत होता. पण घशाला शेक घेणारे एक गृहस्थ म्हणाले, "किरण म्हणजे ते मशीनच की." त्यांच्या फाईलवर 'किरणोपचार' लिहिलेलं होतं, आणि तोंड सोलवटल्यामुळं त्यांना पाणी गिळतानाही त्रास व्हायचा. 'उमेद' ऐकून एका ताईंनी विचारलं, "बचत गटाचं ऑफिस इथं आलंय का?" गावोगावच्या बायकांना उमेद म्हणजे सरकारचं ते अभियान.

'संजीवनी'ला मात्र मीच विरोध केला. ज्यांचा आजार बराच पुढं गेलाय, ज्यांना आता वेदना कमी करण्याचे उपचार द्यायचेत, तेही याच विभागात येणार असतात. नावानंच बरं करण्याचा शब्द दिला, की त्यांच्या घरच्यांना वाटत राहतं, संजीवनीत नेऊनही आईला उठवता आलं नाही, म्हणजे आपलंच काही चुकलं. हा अपराधीपणा मी समुपदेशनात फार पाहिलाय. त्याला दारावरूनच सुरुवात नको.

शेवटी नाव सापडलं ते वॉर्डात सारखं कानावर पडणाऱ्या बोलण्यातून. "कुणासोबत आलाय?" "आईसोबत." विभाग 'सोबत' झाला. रुग्णालयाला हा शब्द प्रत्येक पेशंटच्या बाबतीत पाळता येतो, आजार कुठल्याही टप्प्यावर असो.

आता 'कॅन्सर' शब्दाचं. तो काढू नका. दुसऱ्या एका ठिकाणी नुसतं 'नवजीवन' लिहिलेलं होतं. राधानगरीकडून आलेले एक काका हातात बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्या दारासमोरून तीनदा गेले. त्यांना ते दारू सोडवण्याचं केंद्र वाटलं. आमच्याकडं वर मोठ्या अक्षरात 'सोबत' आणि खाली, फाटकातून वाचता येईल इतक्या आकारात, 'कॅन्सर उपचार विभाग' असं लिहिलं. 'कर्करोग' कागदोपत्री ठीक आहे, पण रिक्षावाल्याला कुणी कर्करोग सांगत नाही.

"त्यांना फक्त गाठ आहे म्हणून सांगितलंय, बोर्ड दिसला तर?" असं नातेवाईक विचारतातच. त्या वेळी मी त्यांना आत बसवून घेते. पेशंटला बहुतेक वेळा अंदाज आलेलाच असतो आणि तोही घरच्यांसाठी गप्प असतो. ही कोंडी बसून, बोलूनच फुटते.

एवढं सगळं ठरवल्यावर घोटाळा झाला तो शेवटी. देणगीदारांच्या वडिलांच्या स्मरणार्थ इमारत होती, त्यामुळं बोर्डाचं पहिलंच अक्षर होतं 'कै.', आणि दाराशी हार घातलेला फोटो. देणगीदारांना हे सांगायचं कसं, म्हणून सगळे गप्प. मी त्यांना फाटकापासून पेशंटच्या वाटेनं चालत आणलं आणि म्हटलं, "आज तुमचा पहिला किमो आहे असं समजा आणि वर वाचा." ते वाचून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनीच रंगाऱ्याला हाक मारली.

त्यांच्या वडिलांचं नाव आता मागच्या बाजूला, नातेवाइकांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. तिथं शेगडीवर पेशंटसाठी तांदळाची पेज शिजत असते.