लाभांश थकला, कंपनी बंद होतेय: प्रेफरन्स शेअरवाल्याला काय मिळणार?

प्रश्न: वडिलांनी एका खासगी कंपनीचे १०० रुपयांचे २,००० प्रेफरन्स शेअर घेतले होते, ९ टक्के संचयी लाभांशाचे. आता ते माझ्या नावावर आहेत. तीन वर्षं पैसा आलेला नाही आणि कंपनी बंद करायची बोलणी चालू आहेत. मालक म्हणतात, "तोटा असताना लाभांश नसतो, आणि शेवटी सगळ्यांना सारखंच मिळेल." थकलेले ५४,००० आणि मूळचे २ लाख मला मिळतील का? वडिलांना तर हे ठेवीसारखंच आहे असं सांगितलं होतं.

उत्तर: मालकांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक.

लाभांश नफ्यातूनच द्यायचा असतो, ही कंपनी कायद्याच्या कलम १२३ ची अट तुमच्या शेअरलाही लागू आहे. ९ टक्के म्हणजे व्याज नव्हे. तुमचा अग्रहक्क इतकाच, की लाभांश वाटायची वेळ आली तर आधी तुमचं पान वाढायचं आणि मग इक्विटीवाल्यांचं. शेअर संचयी असल्यामुळे तोट्याच्या वर्षांची बाकी पुढे चढत जाते. म्हणून या तीन वर्षांत इक्विटीवर एक रुपयाही लाभांश वाटला गेला असेल, तर तुमचा हक्क डावलला गेला आहे. ताळेबंद मागवून ते आधी तपासा. (छोट्या कंपन्यांत मालक लाभांश घेतच नाहीत, संचालक म्हणून पगार घेतात. त्यामुळे कागदावर बहुधा काही सापडणार नाही.)

आता बंद होण्याबद्दल. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारणवाली बँक, कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, उरलेले देणेकरी. त्यांच्यानंतर प्रेफरन्स शेअर आणि सगळ्यात शेवटी इक्विटी. तेव्हा "सगळ्यांना सारखंच" हे खरं नाही, पण तुम्ही रांगेच्या शेपटाशीच उभे आहात हेही तितकंच खरं.

आकडे घेऊन पाहू. समजा, कंपनीचं एकूण प्रेफरन्स भांडवल ४० लाख आहे. मालमत्ता विकून ३ कोटी आले आणि वरची सगळी देणी २ कोटी ७० लाखांची निघाली. उरले ३० लाख. ते प्रेफरन्सवाल्यांत रुपयाला ७५ पैसे या प्रमाणात वाटले जातील. तुम्हाला दीड लाख मिळतील, इक्विटीवाल्यांना शून्य.

पण ६० लाख उरले, तर गोष्ट वेगळी. तुमच्या वर्गाचे ४० लाख मूळ भांडवल पूर्ण फिटतं आणि २० लाख शिल्लक राहतात. तीन वर्षांचा थकीत लाभांश सर्वांचा मिळून १० लाख ८० हजार होतो. तो या शिलकीतून आधी द्यायचा, की सगळे २० लाख इक्विटीला जायचे? याचं उत्तर कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये असतं. जाहीर न झालेला लाभांश हे कंपनीचं कर्ज होत नाही. त्यामुळे कंपनी गुंडाळताना तो मिळण्यासाठी "जाहीर झालेला असो वा नसो, थकबाकीसह परतफेड" अशा अर्थाचं कलम तिथे किंवा शेअरच्या अटींत असावं लागतं. ते नसेल तर तुमचे ५४,००० सहसा बुडतात. शेअर घेताना "संचयी" हा शब्द सगळे वाचतात, हे कलम कोणी वाचत नाही.

तेव्हा कंपनी कायद्याच्या कलम १७ खाली आर्टिकल्सची प्रत लेखी मागा. ठरलेली फी भरली की सात दिवसांत ती द्यावी लागते. ती वाचताना मतदानाचं कलमही पाहा. दोन वर्षं किंवा अधिक काळ लाभांश थकला, की कलम ४७ नुसार प्रेफरन्सवाल्यांना सर्व ठरावांवर मत देता येतं. मात्र खासगी कंपनीला आर्टिकल्समध्ये हे कलम वगळता येतं. त्या सवलतीसाठी कंपनीने वार्षिक विवरणपत्रं वेळच्या वेळी भरलेली असावी लागतात, तेही तपासा.

मताला किंमत आहे, कारण स्वेच्छेने कंपनी बंद करायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मतं. शिवाय त्या मार्गात सगळी देणी फिटतील असं प्रतिज्ञापत्र बहुसंख्य संचालकांना द्यावं लागतं. मालक ते द्यायला तयार असतील, तर तुमच्यापर्यंत पैसे पोचायची शक्यता चांगली. ते टाळून बँकेने दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वाट पाहत बसले असतील, तर मुद्दलही धोक्यात आहे असं समजा.

"ठेवीसारखं" म्हणून धनको या नात्याने दिवाळखोरीचा अर्ज करायचा विचार असेल, तर सोडून द्या. प्रेफरन्स शेअरमधली रक्कम भांडवल आहे, कर्ज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. शेअरच्या परतफेडीची तारीख उलटून गेली असली तरीही तुम्ही भागधारकच राहता.