घसा तीन दिवसांत बरा, गोळ्या मात्र दहा दिवस

माझ्या सात वर्षांच्या मुलाला वर्षातून चार-पाचदा घसा दुखून ताप येतो. दर वेळी अँटिबायोटिक द्यायचं का? कोणता घसा साधा, हे घरी ओळखता येईल का? (एक आई, दारव्हा तालुका)

दर वेळी नको. मुलांच्या दहा घसादुखींपैकी सात-आठ विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. उरलेल्या दोन-तीन बहुधा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूच्या असतात. त्यांनाच आम्ही स्ट्रेपचा घसा म्हणतो.

घसा बसणं वेगळं आणि घसा दुखणं वेगळं, हे आपण बोलतानाही पाळतो. आवाज बसलाय, नाक गळतंय, खोकला आहे, डोळे लाल आहेत, तर ते बहुतेक विषाणूंचं काम. स्ट्रेपमध्ये सकाळी शाळेत गेलेलं पोर संध्याकाळी तापाने फणफणतं, थुंकी गिळतानाही तोंड वाकडं करतं, पण खोकला-सर्दी नसते. पोट दुखतं, एखादी उलटीही होते. मुलाला दाराच्या उजेडात बसवून मोठा आ करायला सांगा. दोन्ही बाजूंच्या गाठी लालभडक सुजलेल्या आणि त्यांवर दह्याच्या कवडीसारखे पांढरट ठिपके दिसतात का ते पाहा. मग जबड्याच्या कोनाखाली बोटांनी हलकं दाबा. तिथे गाठ लागली आणि मूल कळवळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एवढ्यावरून शंका येते, खात्री होत नाही. खात्री घशातला स्वॅब तपासून होते. ती सोय गावाजवळ क्वचितच असते, म्हणून ५ ते १५ वयाच्या मुलात ही सगळी लक्षणं जुळली तर डॉक्टर तपासून थेट औषध सुरू करतात. आपल्या भागात मला ते योग्यच वाटतं. मात्र तोंड उघडता येत नसेल, लाळ गळत असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर घरी घसा पाहत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

डॉक्टरनं धा दिवसाच्या गोळ्या लिवल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी खेळाले लागली. मंग बाकीच्या गोळ्या कायले द्याच्या? (शेतकरी, राळेगाव तालुका)

भाऊ, गोळ्या दिल्या नसत्या तरी तिचा घसा आठवड्याभरात बरा झाला असता. या गोळ्या तिच्या हृदयासाठी आहेत.

शरीर या जंतूशी लढायला जी प्रतिपिंडं तयार करतं, ती जंतूच्या अंगावरच्या प्रथिनावर हल्ला करतात. आपल्या हृदयाच्या झडपांतली, सांध्यांतली आणि मेंदूतली काही प्रथिनं त्या प्रथिनासारखी दिसतात. काही मुलांमध्ये शरीर फसतं आणि जंतूसोबत स्वतःवरही तुटून पडतं. हाच संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फिव्हर. स्ट्रेप झालेल्या प्रत्येक मुलाला तो होत नाही, थोड्यांनाच होतो. पण कोणाला होईल हे आधी कळत नाही.

काही वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे ११ वर्षांची एक मुलगी आली होती. आधी घसा आणि ताप येऊन गेला होता. गावातून चार गोळ्या आणल्या, दोन दिल्या, ताप उतरला, आणि मायबाप पहाटे पुन्हा कापूस वेचायला गेले. साधारण १८व्या दिवशी उजवा गुडघा सुजला. पांघरुणाचा स्पर्शही तिला सोसेना. दोन दिवसांनी गुडघा आपोआप उतरला आणि डावा घोटा धरला. दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात जातं, ही या आजाराची खूणच आहे. कुणीतरी दुखण्याची गोळी दिली आणि एका दिवसात ती चालू लागली. घरच्यांना वाटलं, सुटलो. ती माझ्याकडे आली तेव्हा चढण चढताना तिला धाप लागत होती. छातीला नळी लावली तर ठोक्यासोबत फुरफुर ऐकू आली. डावीकडची झडप नीट मिटत नव्हती, रक्त उलटं फिरत होतं. त्या दोन गोळ्यांचा डबा तिच्या आईने जपून ठेवला होता. मला दाखवायला आणला होता.

घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन गटाचं औषध सुरू झालं आणि पूर्ण झालं, तर हा पुढचा आजार बहुतेक टळतो. म्हणजे दोन-तीन दिवस उशीर झाला तरी वेळ गेलेली नसते. पण जंतू घशातून पुरता निघायला १० दिवस लागतात. २० किलोच्या मुलाला अमॉक्सिसिलिन दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, ते रोज एकदाच दिलं तरी चालतं. दहा दिवस जमणारच नसतील तर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं, २७ किलोखाली ६ लाख युनिट आणि त्यावर १२ लाख. रिअॅक्शनच्या भीतीने काही डॉक्टर ते टाळतात. भीती अगदीच खोटी नाही, म्हणून ते आधी अॅलर्जी विचारून, तातडीची औषधं हाताशी असलेल्या ठिकाणीच घ्यावं. वेचणीला जाणाऱ्या घरांना मी स्वतः इंजेक्शनच सुचवतो.

मुलाचे पाय दुखतात म्हणून रक्त तपासलं. एएसओ वाढलेला आला. 'वात आहे, दर २१ दिवसांनी सुई घ्या' असं सांगितलं. घ्यावी का? (वडील, उमरेड)

फक्त या कागदावर नाही. एएसओ वाढला याचा अर्थ एवढाच, की मागच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीराची या जंतूशी गाठ पडली. शाळेत जाणाऱ्या कितीतरी निरोगी मुलांत तो वाढलेलाच सापडतो. आजार ठरवायला सोबत ठोस लक्षण लागतं : फिरती सांधेसूज, हृदयावर परिणाम, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, कातडीखालच्या गाठी किंवा अंगावर कडीच्या आकाराचे लाल वळ. संध्याकाळी पोटऱ्या दुखतात, सूज नाही, सकाळी मूल पळतं, तर तो हा आजार नव्हे. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून टूडी इको करून घ्या. आणि सांधा खरंच सुजला असेल, तर डॉक्टर पाहीपर्यंत ब्रुफेनसारखी गोळी नको, पॅरासिटामॉल द्या. सूज दबली की निदान हातचं जातं.

आमच्या आश्रमशाळेतल्या मुलीला हृदयाचा हा आजार आहे, २१ दिवसांनी इंजेक्शन असतं. सुट्टीत गावी गेली की चुकतं. किती वर्षं द्यायचं? (अधीक्षिका, गडचिरोली जिल्हा)

झडपेवर परिणाम टिकून असेल तर निदान १० वर्षं किंवा वयाच्या ४० पर्यंत, यांतलं जे जास्त असेल ते, कधी जन्मभरही. मूल बरं दिसतं म्हणून थांबवायचं नाही. पुन्हा स्ट्रेपचा घसा झाला की आजार उलटतो आणि झडप आणखी बिघडते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुढच्या इंजेक्शनची तारीख तिच्या कार्डावर लाल शाईने लिहा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत द्या, आणि तिच्या गावच्या आशाताईंना त्याच दिवशी फोन करा. सुई दुखते म्हणून मुली लपतात. औषध हातात धरून कोमट करून हळूहळू दिलं, तर दुखणं बरंच कमी होतं. नर्सताईंना तेवढं नक्की सांगा.